स्टिकर वेगळं आहे की चित्रात मुरलंय?

“कुणीतरी पाठवलेल्या फोटोत एका चेहऱ्यावर स्टिकर आहे. ते पुसलं तर खालचा चेहरा दिसेल का?”

जेपीजी फाइलमध्ये लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले वेगळे थर, नसतात. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग असतो. स्टिकर लावून फोटो जेपीजी म्हणून सेव्ह झाला, की त्या जागी चेहऱ्याचे रंग जाऊन स्टिकरचे रंग बसतात. चेहरा स्टिकरखाली दडलेला नसतो, तो त्या फाइलमधून गेलेलाच असतो. खोडरबराने तिथे कोरी जागा मिळते. ‘हील’सारखं साधन आजूबाजूच्या रंगांवरून ती जागा भरतं, पण तो अंदाज आहे, त्याला खरा चेहरा समजू नका.

ज्या ॲपमध्ये फोटो एडिट केला होता, त्यातलं प्रोजेक्ट किंवा लेयर जपून ठेवणारी पीएसडी फाइल असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्टिकरवर टॅप केलं की त्याच्याभोवती हँडल असलेली चौकट येते, आणि मजकुरावर डबल टॅप केलं की बहुतेक वेळा कर्सर येऊन अक्षरं बदलता येतात. स्टिकर बाजूला ओढलं की खाली चेहरा जसाच्या तसा असतो, म्हणजे ते बिनधास्त डिलीट करा. ओढल्यावर मागे पांढरं किंवा पारदर्शक खिंडार पडलं, तर तुम्ही चित्राचाच तुकडा कापून हलवलाय. नवखे लोक इथेच फसतात: तुकडा हलला म्हणून तो वेगळा लेयर आहे असं त्यांना वाटतं.

एक अपवाद मात्र फार महत्त्वाचा आहे. झाकण अर्धपारदर्शक असेल, तर सपाट फोटोतूनही खालचं बरंच परत मिळू शकतं. समजा, दोन ठिपक्यांची उजळता २०० आणि ६० होती आणि वर ५० टक्के काळा रंग फिरवला. आता ती १०० आणि ३० होते. दोन्हींतला फरक शिल्लक आहे; दुप्पट केलं की मूळ आकडे परत. जेपीजीच्या कॉम्प्रेशनमुळे थोडी खरखर येईल, पण मोठी अक्षरं वाचता येतील. काळा रंग पूर्ण अपारदर्शक असता तर दोन्ही ठिपके शून्यच झाले असते आणि मागे काहीच उरलं नसतं. म्हणून खाते क्रमांक झाकायला अर्धपारदर्शक हायलायटर वापरू नका. तो दोनतीनदा फिरवून काळाकुट्ट दिसला, तरी एक्स्पोजर वाढवल्यावर आकडे उमटू शकतात.

पीडीएफमध्ये तर वेगळाच धोका असतो. तिथे काळी पट्टी बहुधा वेगळी वस्तू असते, आणि खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो.

तुमच्या फोटोपुरतं सांगायचं, तर पाठवणाऱ्याकडे मूळ फोटो मागा. काही फोन एडिट केलेल्या फोटोबरोबर मूळही जपून ठेवतात आणि तिथे ‘रिव्हर्ट’ केलं की स्टिकर निघतं. पण तुम्हाला पाठवलेल्या सपाट प्रतीत तो पर्याय येत नाही.