तीन स्लाइड्स आणि एक अडचणीचा प्रश्न

सीड राउंडसाठी, म्हणजे कंपनीच्या सुरुवातीच्या गुंतवणुकीसाठी, एका ग्राहकामागचा हिशेब म्हणजे युनिट इकॉनॉमिक्स, पैसे किती महिने पुरतील म्हणजे रनवे, आणि निधीचा वापर या तीन स्लाइड्स मी तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या शीटमधून बनवल्या. सगळा घोळ तिथेच झाला.

आमचं सॉफ्टवेअर मासिक वर्गणीवर चालतं. समजायला सोपं जावं म्हणून वर्गणी १०० धरू. एक ग्राहक मिळवायचा खर्च मी ३०० दाखवला होता. त्यात फक्त जाहिराती होत्या. एका ओळखीच्या गुंतवणूकदारांनी तालमीत विचारलं, "विक्रीवाल्यांचे पगार कोण देतं?" ते धरले तर आकडा ७२० झाला. सर्व्हर, पेमेंटचं कमिशन आणि सपोर्ट वजा करता १०० पैकी हातात उरत होते ६०. म्हणजे ७२० भागिले ६०, १२ महिन्यांत वसूल. वाईट नाही, असं वाटलं.

पण दर महिन्याला ५ टक्के ग्राहक सोडून जात होते, हे त्या भागाकारात नव्हतंच. वर्षभराने शंभरातले साधारण ५४ उरतात. महिन्यागणिक उरलेल्यांचेच ६० मोजत गेलो, तर वसुलीला १८ महिने लागत होते.

रनवेच्या स्लाइडवरही १८च होते! मागत होतो १८ लाख, सध्याचा निव्वळ बर्न, म्हणजे उत्पन्न वजा जाता खिशातून जाणारा पैसा, महिन्याला १ लाख. हिशेब सरळ, पण खोटा. शेजारच्याच स्लाइडवर नवी भरती लिहिली होती. तिच्यासह पहिले तीन महिने १ लाख, पुढचे तीन १.३ आणि नंतर १.५ लाख असा बर्न धरला, तेव्हा पैसे साडेतेराव्या महिन्याच्या आसपास संपत होते. ग्राहकावर घातलेला पैसा परत येण्याआधीच खातं रिकामं. हे आम्हीच छापलं होतं, फक्त दोन पानांवर विभागून.

मग एकच शीट केली. दुसऱ्या विक्रेत्याची भरती पुढे ढकलली, त्याने रनवे सोळा महिन्यांवर गेला. बारा महिन्यांची वर्गणी एकरकमी भरणाऱ्याला दोन महिने माफ, अशी योजनाही मांडली. पहिल्याच दिवशी १००० येतात, म्हणजे ७२० लगेच निघतात. मात्र ही आगाऊ रक्कम आहे, वर्षभर सेवा देणं बाकी असतं. म्हणून ती उत्पन्नात न मिसळता वेगळ्या ओळीत दाखवली. किती ग्राहक ती योजना घेतील याचा आमच्याकडे पुरावा नव्हता, त्यामुळे रनवेत ती धरली नाही.

निधीच्या वापराचा गोल चार्टही काढून टाकला. 'मार्केटिंग ४० टक्के' यातून कुणाला काय कळणार? त्याजागी प्रत्येक भरतीचा महिना आणि तिची अट लिहिली: चर्न, म्हणजे दर महिन्याला सोडून जाणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण, सलग तीन महिने ३ टक्क्यांखाली आला, तरच दुसरा विक्रेता. पुढच्या बैठकीत अर्धा वेळ याच ओळीवर गेला, आणि गुंतवणूकदारांनी ३ टक्केच का, हे विचारलं.