ब्याऐंशीचे एक्केचाळीस: बॅन्डवरची रात्रीची नाडी आणि हार्ट ब्लॉक

चोपडा तालुक्यातले एक केळीवाले शेतकरी, वय ६४. मुलगा पुण्याला. त्यानंच पाठवलेला बॅन्ड वडिलांच्या मनगटावर आणि आलेख मुलाच्या मोबाइलवर. ॲपनं ‘रात्रीची सर्वांत कमी नाडी ४१’ असं दाखवलं म्हणून तो घाबरून वडिलांना घेऊन आला होता.

नुसता ४१ हा आकडा पाहून मी कुणालाच घाबरवणार नाही. गाढ झोपेत शरीराचा ब्रेक, म्हणजे व्हेगस नावाची नस, जोरात असते. धडधाकट माणसाची नाडी तेव्हा पंचेचाळीस-पन्नासवर येते. रोज पळणाऱ्या तरुण पोराची त्याहून खाली जाते आणि दोन सेकंदांचा खंडही पडतो. पण ही उतरण हळूहळू होते. ६२, ५७, ५२ असं करत नाडी खाली सरकते आणि पहाटे तशीच सावकाश वर येते. म्हणून सर्वांत कमी आकडा सोडून मी मुलाला रात्रीचा पूर्ण आलेख उघडायला सांगितला आणि एकेक मिनिट दिसेल इतका मोठा करायला लावला.

दोन वाजेपर्यंत नाडी ५८-६० होती. मग ती ७६ झाली, पुढे ८२. आणि २ वाजून १३ मिनिटांनी एकदम ४१. मध्ये ७० नाही की ५५ नाही. अकरा मिनिटं ४० ते ४२ आणि मग एका पायरीत परत ७८. ब्याऐंशीचे बरोब्बर निम्मे. शिवाय घसरणीच्या आधी नाडी चढली होती. शांत झोपलेल्या माणसाची सहसा अशी चढत नाही.

मी विचारलं, “अण्णा, दोन वाजता उठले होते का?”

“मी झोपेल कोठे व्हतू डॉक्टरसाहेब? लाइट रातले येस, तवय मी मोटरवर जास.”

शेतीपंपाची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. अण्णा उठून विहिरीपर्यंत चालत गेले होते. तिथं स्टार्टरजवळ ‘डोळ्यांपुढं जरा अंधारी आली’, म्हणून बांधावर बसले. घरी कुणाला बोलले नाहीत. मुलगा ज्याला झोपेतली कमी नाडी समजत होता, ती चालत्या माणसाची नाडी होती. चालताना ती नव्वद-शंभरला जायला हवी होती.

नाडी निम्मी दिसण्याची तीन कारणं असतात आणि बॅन्डला त्यांतला फरक कळत नाही. तो विजेचे ठोके मोजत नाही. हिरवा प्रकाश कातडीत सोडून रक्ताची लाट मोजतो. पट्टा सैल असला, हात अंगाखाली दबला किंवा थंडीनं गार पडला तर काही लाटा हुकतात. पण असा खोटा आलेख बहुधा दातेरी, वेडावाकडा असतो, एका पट्ट्यात स्थिर राहत नाही. दुसरं कारण जास्तीचे अवेळी ठोके. प्रत्येक नेहमीच्या ठोक्यामागं एक घाईचा ठोका येतो, तेव्हा हृदय पुरेसं भरलेलं नसतं आणि त्याची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. हृदय ८२ वेळा आकुंचन पावतं, बॅन्ड ४१ मोजतो. तिसरं कारण खरा ब्लॉक, म्हणजे ठोक्याचा विजेचा इशारा वाटेत अडणं.

पहिली दोन कारणं आणि तिसरं वेगळं करायला मशीन लागत नाही. नाडी मंद असतानाच एकानं मनगट धरून पूर्ण ६० सेकंद मोजायचं आणि त्याच वेळी दुसऱ्यानं छातीवर स्टेथोस्कोप किंवा सरळ कान लावून मोजायचं. दोन्हीकडे ८० आले तर बॅन्डच्या हुकलेल्या लाटा. छातीवर ८० आणि मनगटावर ४० आले तर अवेळी ठोके. दोन्हीकडे ४० आले तर हृदयच ४० वर चाललंय. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. मंद नाडीत एक ठोका इकडेतिकडे झाला की चारचा फरक पडतो.

मुलाचा प्रश्न होता, अँजिओग्राफी करायची का? ब्लॉक म्हटलं की सगळ्यांना नळीतला अडथळाच आठवतो. मी अण्णांकडे बघून म्हणालो, “मोटर चांगली आहे, पाइपलाइनही बहुतेक चांगली आहे. स्टार्टरपासून मोटरपर्यंतची वायर मधूनमधून सुटतेय.” अण्णांना लगेच पटलं, मुलाला दोनदा सांगावं लागलं.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोक्याचा उगम होतो. तो विजेचा इशारा मधल्या गाठीत, म्हणजे एव्ही नोडमध्ये, क्षणभर थांबतो आणि पुढं एका जुडग्यातून दोन फांद्यांनी खालच्या कप्प्यांत उतरतो. इशारा उशिरा पण दर वेळी पोचला तर तो पहिल्या दर्जाचा ब्लॉक. ईसीजीवर तेव्हा पीआर अंतर, म्हणजे इशाऱ्याला वरून खाली पोचायला लागणारा वेळ, ०.२० सेकंदापेक्षा जास्त दिसतं आणि नाडीवर काहीच कळत नाही. काही इशारे पोचतात, काही गळतात, तो दुसऱ्या दर्जाचा. एकही पोचत नाही आणि खालचे कप्पे आपल्या जिवावर मिनिटाला वीस ते चाळीस ठोके देतात (गाठीच्या जवळून आधार मिळाला तर चाळीस ते साठ), तो तिसऱ्या दर्जाचा, म्हणजे पूर्ण ब्लॉक.

खरी मेख दुसऱ्या दर्जात आहे. गाठीतल्या ब्लॉकमध्ये पीआर अंतर ठोक्यागणिक वाढत जातं आणि मग एक ठोका गळतो. याला वेंकेबाख म्हणतात. झोपेत तो निरोगी माणसालाही होतो, आणि उठून चाललं की बहुधा नाहीसा होतो. गाठीखालच्या फांद्या झिजल्या असतील तर काहीही पूर्वसूचना न देता ठोका गळतो, आणि वरून इशारे जितके जलद येतील तितकी गळती वाढते. म्हणजे चालल्यावर नाडी वाढायच्या ऐवजी घटते. एकाआड एक ठोका गळाला की बरोबर निम्मी. या गाठीखालच्या ब्लॉकचा माणूस कधी पूर्ण ब्लॉकमध्ये जाईल, सांगता येत नाही.

अण्णांच्या ईसीजीत नाडी ७२ होती, पण उजवी फांदी पूर्ण बंद, डाव्या फांदीचा एक पदर बंद, आणि पीआर ०.२२. दाखल करून मॉनिटर लावला. ईसीजी चालू ठेवून, माणूस शेजारी ठेवून, वॉर्डातल्या वॉर्डात चालवलं. वरच्या कप्प्यांचे ठोके ९६ वर गेले आणि नाडी ४८ वर आली. हा प्रयोग घरी कुणी करायचा नाही.

पेसमेकर ठरवण्याआधी औषधं तपासायची असतात. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन ही नाडी मंद करतात. अण्णांची बीपीची गोळी ॲम्लोडिपिन, ती करत नाही. पण मुलगा सोबत आणलेल्या पिशवीतून सगळं टेबलावर काढत होता, त्यात काचबिंदूचे थेंब निघाले: टिमोलॉल ०.५ टक्के, दिवसातून दोनदा. डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात उतरतो आणि नाडी मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळीसारखं काम करतो. थेंबांना औषध समजतच नाहीत, म्हणून विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून थेंब बदलले. पोटॅशियम, क्रिएटिनिन, थायरॉइड तपासले, ते ठीक निघाले. आपल्याकडे मे महिन्यात पाणी कमी पडून किडनी मंदावते, पोटॅशियम चढतं आणि मूत्रातून जाणारी ॲटेनोलॉलसारखी गोळी अंगात साचते, म्हणून उन्हाळ्यात हे विसरायचं नाही.

थेंब बंद करून दोन दिवस झाले तरी निम्म्या नाडीचे पट्टे आलेच. होल्टरवर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायच्या ईसीजीवर, जागेपणी, संध्याकाळी जेवायला बसताना, ४.६ सेकंदांचा खंड पकडला. बॅन्डवर त्या मिनिटाला ६८ होते. हे नीट समजून घ्या. ७२ च्या नाडीत साडेचार सेकंदांचा खंड पडला तरी त्या मिनिटाची सरासरी फक्त चार-पाच ठोक्यांनी उतरते. खंड बॅन्डला दिसत नाही, लांबलेला मंद पट्टाच दिसतो. काही घड्याळं तर नाडी सलग दहा मिनिटं मर्यादेखाली राहिल्याशिवाय इशाराच देत नाहीत. उलट आलेखात पंधरा मिनिटांची कोरी जागा दिसली तर तो खंड नव्हे, बॅन्डचा पट्टा सुटला होता. हृदय इतका वेळ थांबलं असतं तर माणूस सकाळी चहा प्यायला नसता.

याच सुमारास भुसावळचे रेल्वेतले एक गृहस्थ आले होते. जाड मान, मोठं घोरणं. त्यांच्या रात्री ३८-४० चे पट्टे होते, पण करवतीसारखे: नाडी खाली जायची, लगेच ८० वर उसळायची, पुन्हा खाली. दिवसाचा ईसीजी साफ, चालल्यावर नाडी छान वाढायची. झोपेत श्वास अडला की नाडी मंदावते आणि श्वास सुटला की उसळते. त्यांना झोपेची तपासणी आणि रात्री हवेचं मशीन लागलं, पेसमेकर नाही. झोपेत मंद नाडी सापडली आणि दिवसा त्रास नाही, तर आधी घोरण्याची चौकशी करावी.

तुमच्या आलेखात असा पट्टा दिसला तर वहीत वेळ लिहा, घसरणीच्या आधीची नाडी आणि नंतरची नाडी लिहा, पायरी होती की उतरण, किती मिनिटं, परत कशी आली. त्याच ओळीत तेव्हा झोपला होतात की मोटरवर, चक्कर, अंधारी, धाप किंवा घोरणं होतं का, आणि शेवटची गोळी किंवा थेंब कधी घेतला ते. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर ३० सेकंदांची पट्टी नाडी मंद असतानाच काढा आणि पीडीएफ जपून ठेवा. नंतर काढलेल्या साध्या पट्टीचा उपयोग होत नाही. ५० च्या खाली काही घड्याळं ‘निष्कर्ष नाही’ म्हणतात, तरी पट्टी डॉक्टरला वाचता येते. आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा जागेपणी नाडी चाळिशीखाली राहून गरगरलं तर वही राहू द्या, १०८ ला फोन करा, मोटरसायकलवर निघू नका. लांब खंडात हातपाय झटकले जातात आणि घरचे मिरगी समजून नाकाला कांदा लावत बसतात. माणसाला आडवं करा, पाय उंच करा आणि नाडी बघा. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील तर छाती दाबायला सुरुवात करा.

अण्णांना दोन तारांचा पेसमेकर डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बसला, भूल तेवढ्या जागेची. काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. फवारणी पंपाचा पट्टा त्या खांद्यावर कायमचा बंद, वेल्डिंगपासून लांब, मोबाइल डाव्या खिशात नाही. मोटर चालू करायला हरकत नाही, पण चालू मोटरवर छाती टेकवून काम करायचं नाही. आता रात्री बॅन्डवर ६० च्या खाली सहसा काही दिसत नाही, कारण मशीन ६० वर लावलंय. कधी ३० दिसलेच तर पहिल्यांदा मनगट आणि छाती दोन्ही मोजायचं, बहुतेक वेळा ते अवेळी ठोके असतात. चक्कर असेल तर मात्र मशीन तपासायला त्याच दिवशी यायचं.