दवबिंदू आणि चुकलेली डिस्क

अडीच वर्षांच्या मुलाच्या पाठीतून काढलेलं पाणी संध्याकाळी लॅबमध्ये आलं. नेहमी पाण्यासारखं स्वच्छ असणारं ते द्रव ताकाच्या निवळीसारखं गढूळ होतं. ग्रॅम स्टेनमध्ये पू-पेशींच्या गर्दीत बारीक गुलाबी दांडकी दिसली. काही जवळजवळ गोल होती, एकदोन लांब धाग्यांसारखी. असा बेशिस्त आकार दिसला की हिमोफिलस या जिवाणूचा संशय येतो. वॉर्डला तसं फोनवर कळवलं. मुलाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आधीच सुरू झालं होतं.

अडचण वेगळीच होती. असे जिवाणू वाढवायला लागणाऱ्या चॉकलेट अगारची ताजी बॅच निर्जंतुकतेच्या तपासणीत नापास झाली होती आणि हाताशी फक्त मेंढीच्या रक्ताचा ब्लड अगार होता. त्यावर हिमोफिलस एकटा वाढत नाही. मग जुनी युक्ती केली. नमुना प्लेटभर पसरवला आणि त्यावरून स्टॅफिलोकोकस ऑरियसची एकच सरळ रेघ ओढली. प्लेट ३५ अंशांना, सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवली आणि घरी गेले.

सकाळी झाकण उचललं तेव्हा स्टॅफच्या जाड रेघेच्या दोन्ही कडांना दवाच्या थेंबांसारख्या पारदर्शक बारीक वसाहती लागल्या होत्या. रेघेला चिकटून मोठ्या, दूर जाताना लहान आणि काही मिलिमीटरांपलीकडे काहीच नाही. प्लेट तिरपी धरल्याशिवाय त्या नीट दिसतही नव्हत्या.

हिमोफिलस इन्फ्लुएंझाला दोन गोष्टी बाहेरून लागतात: एक्स फॅक्टर म्हणजे हेमिन आणि व्ही फॅक्टर म्हणजे एनएडी. हेमिन ब्लड अगारमध्ये मिळतं. एनएडी मात्र लाल पेशींच्या आत कोंडलेलं असतं, आणि जे बाहेर येतं ते मेंढीच्या रक्तातलं एनएडी तोडणारं एन्झाइम संपवतं. चॉकलेट अगार करताना रक्ताला उष्णता देतात, तेव्हा पेशी फुटून एनएडी मोकळं होतं आणि ते एन्झाइमही निकामी होतं. आमच्या प्लेटवर हे काम स्टॅफने केलं. तो स्वतःचं एनएडी माध्यमात सोडतो आणि ते रेघेपासून पसरत जातं, म्हणून दूरच्या वसाहती लहान. थोडक्यात, ही प्लेट व्ही लागतो एवढंच सांगते. एक्स लागतो की नाही, हे तिला विचारून उपयोग नाही, कारण तो रक्तातूनच मिळतोय.

शिवाय रेघेच्या आडोशाला वाढणारा प्रत्येक जीव हिमोफिलस नसतो. अ‍ॅबिओट्रॉफियासारखे काही स्ट्रेप्टोकोकसचे भाईबंदही स्टॅफभोवती असेच वाढतात, पण ते ग्रॅम-पॉझिटिव्ह. वसाहतीचा पुन्हा ग्रॅम स्टेन केला, तीच गुलाबी दांडकी निघाली.

आता एक्स आणि व्ही वेगळे करायचे होते. मी त्या दवबिंदूंतून भरपूर वसाहती लूपवर घेतल्या, रक्तविरहित न्यूट्रियंट अगारवर पसरवल्या आणि एक्स, व्ही व एक्सव्ही मुरवलेल्या कागदाच्या तीन डिस्क ठेवल्या. दुसऱ्या सकाळी एक्सव्हीभोवती वाढ होती, तशीच व्हीभोवतीही, आणि एक्सभोवती नव्हती. कागदोपत्री याचा अर्थ हिमोफिलस पॅराइन्फ्लुएंझा, म्हणजे व्हीवर भागणारा आणि एक्स स्वतः बनवणारा. मेनिंजायटिसमध्ये तो क्वचितच सापडतो. रिपोर्ट टाइप करायला घेतला, पण मन खात होतं.

मॅडमना प्लेट दाखवली. त्यांनी निकाल वाचलाच नाही. विचारलं, "वसाहती कुठून उचलल्यास?"

"ब्लड अगारवरून."

"आणि लूप किती भरला होतास?"

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. हेमिन अगदी कणभर पुरतं. वसाहतींबरोबर ब्लड अगारचा अंश उचलला गेला, की एक्स आयताच मिळतो आणि इन्फ्लुएंझा पॅराइन्फ्लुएंझाचं सोंग घेतो. लूप घासून अगार खरवडला होता तो मीच.

मग पॉर्फिरिन चाचणी केली. तिला वाढच लागत नाही, त्यामुळे सोबत आलेल्या हेमिनने फसायची भीती नसते. डेल्टा-अमायनोलेव्हुलिनिक आम्लाच्या द्रावणात भरपूर जिवाणू घोळवून चार तास ३७ अंशांना ठेवले. जो स्वतः हेम बनवू शकतो तो या आम्लापासून पॉर्फिरिन तयार करतो आणि वुड्स लॅम्पखाली लाल चमकतो. पॅराइन्फ्लुएंझाच्या कंट्रोलची नळी विटकरी लाल उजळली. आमची नळी काळोखात तशीच राहिली.

डिस्कही पुन्हा लावल्या. या वेळी वसाहती सलाइनमध्ये घोळवल्या, सेंट्रिफ्यूज करून दोनदा धुतल्या आणि अगदी विरळ पसरवल्या. एक्सव्हीभोवती वाढ आली, आणि जवळजवळ ठेवलेल्या एक्स व व्ही डिस्कच्या मधल्या पट्टीत. नुसत्या व्हीच्या दुसऱ्या बाजूला प्लेट कोरी होती.

दोन्ही घटक मागणारा हिमोफिलस हिमोलिटिकसही असतो, म्हणून टाइप बी अँटिसीरम लावून पाहिलं. स्लाइडवर लगेच गुठळ्या जमल्या. अर्धवट टाइप केलेला रिपोर्ट खोडून नवा लिहिला: हिमोफिलस इन्फ्लुएंझा, टाइप बी.