‘फ्लॅट १० टक्के’ म्हणजे नक्की किती? एक समीकरण सोडवताना

बहिणीने ६०,००० रुपयांचा फ्रिज हप्त्यांवर घ्यायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, ‘फ्लॅट १० टक्के’, म्हणजे वर ६,००० व्याज आणि ५,५०० चे बारा हप्ते. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, त्यामुळे खरा दर १० टक्के असूच शकत नाही. तो काढायला मासिक दर r असा शोधायचा की बाराही हप्त्यांची आजची किंमत बरोबर ६०,००० व्हावी.

```python
def f(r):
    return 5500*(1-(1+r)**-12)/r - 60000
```

r इथे असा अडकलेला आहे की तो एका बाजूला काढून सूत्र मांडता येत नाही. f शून्य कुठे होतो ते टप्प्याटप्प्याने शोधावं लागतं.

सुरुवात बायसेक्शनने केली, म्हणजे पट्टा दर वेळी मधोमध कापत जाण्याच्या पद्धतीने. r = 0.01 ला f अधिक १,९०३ रुपये, 0.02 ला उणे १,८३६. चिन्ह बदललं, म्हणजे उत्तर या दोघांच्या मध्ये आहे. मधला बिंदू 0.015 घेतला तर f फक्त उणे ८.७२! पण बायसेक्शन किंमत बघत नाही, नुसतं चिन्ह बघतं. त्यामुळे पुढचा बिंदू 0.0125, आणि तिथे f पुन्हा ९३६ वर. उत्तराच्या अगदी जवळ येऊनही ही पद्धत लांब जाते. त्या बदल्यात हमी पक्की असते: दर पावलाला अंतर निम्मं होतं आणि 0.01 रुंदीचा पट्टा चौदा पावलांत 0.000001 च्या आत येतो.

सीकंट मात्र किंमती वापरते. शेवटच्या दोन बिंदूंतून सरळ रेषा काढायची आणि ती शून्याला जिथे छेदते तो पुढचा बिंदू. त्याच 0.01 आणि 0.02 वरून पहिलं पाऊल 0.01509 वर पडलं, f उणे ४२. दुसरं 0.014974 वर, आणि f एका रुपयाच्या आत आला.

मग मुद्दाम पट्टा मोठा घेतला, 0.001 ते 1. पहिलं पाऊल 0.0937 वर आलं. पुढची रेषा 1 आणि 0.0937 या दोन बिंदूंतून गेली आणि थेट उणे 0.49 वर पोचली. तिथे f साडेतीन कोटींच्या वर! वक्ररेषा एका टोकाला खूप तीव्र आणि दुसरीकडे जवळजवळ सपाट असली की सीकंट अशी भरकटते. म्हणून मी नियम ठेवला की चिन्ह बदलणारा पट्टा कायम जपायचा. सीकंटचा बिंदू पट्ट्यात पडला तर घ्यायचा, नाहीतर ते पाऊल बायसेक्शनचं.

खरा विचार करावा लागला तो थांबायचं कधी याचा. उत्तराजवळ f चा उतार सुमारे ३,७०,००० आहे, म्हणून f मधला एक रुपया म्हणजे मासिक दरात फक्त 0.0000027 चा फरक, वर्षाला सुमारे 0.003 टक्के. उलट f 1e-15 च्या आत आल्यावरच थांबायचं अशी अट घातली तर ती सहसा पूर्ण होणारच नाही. ६०,००० च्या आसपास संगणकाला दोन लागोपाठच्या आकड्यांमधलं अंतरच सुमारे 7e-12 चं असतं. f नेमका शून्यावर पडला नाही तर लूप फिरतच राहतो.

पट्ट्याच्या रुंदीवर थांबावं तर वेगळीच अडचण. सीकंटची लागोपाठची पावलं उत्तराच्या एकाच बाजूला पडू शकतात, मग दुसरं टोक लांबच राहतं, आणि उत्तर हातात असूनही पट्टा रुंदच दिसतो. म्हणून लागोपाठच्या दोन बिंदूंतलं अंतर 1e-6 पेक्षा कमी झालं की मी आलेल्या r च्या दोन्ही बाजूंना 1e-6 वर f तपासला. एकीकडे अधिक ३७ पैसे, दुसरीकडे उणे ३७ पैसे. चिन्ह बदललं, म्हणजे उत्तर नक्की तेवढ्यातच आहे. नुसतं पाऊल लहान झालं म्हणून थांबलो असतो तर ही खात्री नसती.

r आला 0.014977, बारा पट केला की वर्षाला १७.९७ टक्के. 1e-6 हून बारीक अट मी घातली नाही, कारण हप्ता रुपयात पूर्ण केला जातो आणि ५० पैशांच्या फरकाने वार्षिक दर पावणेदोन शतांश टक्क्यांनी हलतो. दुसऱ्या दुकानात बहिणीला ‘१८ टक्के, घटत्या मुद्दलावर’ असा दर सांगितला होता. तो ऐकायला जवळजवळ दुप्पट वाटतो. हिशोब केला तर त्याचा हप्ता ५,५०१ रुपये.