२०० मीटर मेडलेची तयारी: तीन भिंती आणि तिथे बाद होण्याची कारणे

मास्टर्स गटातल्या २०० मीटर वैयक्तिक मेडलेची तयारी आता अशा टप्प्यावर आली आहे, की चारही स्ट्रोक सलग पोहण्याचा दम टिकतो आणि वेळही हळूहळू उतरत आहे. म्हणून या वेळी वेळेचा पाठलाग थांबवून मी केवळ भिंतींवर काम केले. ५० मीटरच्या तलावात या शर्यतीत प्रत्येक भिंतीवर स्ट्रोक बदलतो. बटरफ्लायवरून बॅकस्ट्रोक, त्यावरून ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी फ्रीस्टाइल, असा हा क्रम आहे. प्रत्येक ५० मीटरचा शेवट त्या त्या स्ट्रोकच्या नियमाप्रमाणेच व्हावा लागतो. त्यामुळे पंचांची नजर जिथे सर्वांत बारीक असते, त्या जागा या एकाच शर्यतीत ओळीने येतात.

बटरफ्लायमध्ये पायांचा नियम असा आहे, की दोन्ही पाय एकाच वेळी वर-खाली झाले पाहिजेत. ते अगदी एका पातळीवर असावेत अशी अट नाही, पण आलटून-पालटून हलता कामा नयेत. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडे खाली असलेला जलतरणपटू बाद होत नाही. दमल्यावर श्वास घेताना ज्याचे पाय क्षणभर कात्रीसारखे उघडतात, तो बाद होतो. हा दोष ३५ मीटरच्या पुढे दिसू लागतो, कारण कंबर खाली जाते आणि शरीर तोल सावरण्यासाठी एक पाय वेगळा मारते. मास्टर्सच्या नियमांत एक सवलत आहे, जी आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते: बटरफ्लायमध्ये हातांच्या प्रत्येक आवर्तनाला एक ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते. खुल्या गटात तीच किक मारली तर बाद. गुडघे आणि खांदे यांच्या वयाचा विचार करता ही सवलत मला योग्य वाटते, मात्र मी डॉल्फिन किकच ठेवली आहे, कारण दोन किकची सरमिसळ झाली की माझी लय मोडते.

पहिल्या भिंतीवरची खरी अडचण अंतराची आहे. शेवटचा हात संपला आणि भिंत अजून हातभर दूर राहिली, तर मोह होतो तो अर्धा हात मारून पाण्याखालूनच हात पुढे नेण्याचा. बटरफ्लायमध्ये हात पाण्यावरूनच पुढे यावे लागतात, म्हणून ती हालचाल नियमभंग ठरते. हात ताणलेले ठेवून आणखी एक-दोन किक मारत भिंतीशी जावे. दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे टेकले पाहिजेत, एकावर एक ठेवून चालत नाही.

या टप्प्यातला बहुतेक वेळ दुसऱ्या भिंतीवर, म्हणजे बॅकस्ट्रोकवरून ब्रेस्टस्ट्रोककडे वळण्यावर गेला, आणि तो तसा जायलाच हवा होता. साध्या बॅकस्ट्रोकच्या शर्यतीत टर्नच्या वेळी पोटावर वळून, एकच सलग हात मारून कोलांटी घेता येते. मेडलेमध्ये मात्र ही भिंत म्हणजे बॅकस्ट्रोकचा शेवट असतो, म्हणून हात टेकेपर्यंत पाठीवरच राहावे लागते. पाठीवर असणे याची व्याख्या नियमात स्पष्ट आहे: खांदे आडव्या स्थितीपासून ९० अंशांच्या आत असले पाहिजेत, पूर्ण ९० झाले की संपले. पॅरिस २०२४ ऑलिंपिकच्या महिलांच्या २०० मीटर मेडलेच्या अंतिम फेरीत अमेरिकेची अ‍ॅलेक्स वॉल्श तिसरी आली होती, पण बॅकस्ट्रोकचा शेवट पाठीवर झाला नाही म्हणून तिला बाद ठरवण्यात आले आणि कांस्यपदक ऑस्ट्रेलियाच्या केली मकिओनला मिळाले. इतक्या वरच्या दर्जाची जलतरणपटू या भिंतीवर का अडकते, याचे उत्तर वेगात आहे. शेवटचा हात डोक्यावरून पलीकडच्या बाजूला नेऊन, जवळजवळ कुशीवर होऊन भिंत टेकायची आणि लगेच कोलांटी घ्यायची, हा सर्वांत जलद प्रकार. त्यात खांदे जितके जास्त वळलेले असतील तितकी कोलांटी सोपी जाते, म्हणून शरीर आपसूकच त्या ९० अंशांच्या रेषेला चिकटून राहते.

मी तुलनेने संथ, पण सुरक्षित प्रकार निवडला: पाठीवरच हात टेकायचा, गुडघे छातीशी ओढायचे आणि त्यानंतर वळायचे. हात टेकल्यावर कसेही वळता येते, फक्त भिंत सोडताना शरीर पोटावर असले पाहिजे. यात एक बारकावा ध्यानात आला. डोक्याच्या स्थितीवर नियमाचे बंधन नाही, त्यामुळे मान वळवून भिंत पाहणे वैध आहे; पण मानेमागोमाग खांदाही वळतो आणि तिथेच घात होतो. यावर उपाय भिंतीपासून ५ मीटरवर टांगलेल्या झेंड्यांचा. झेंडे डोळ्यांवरून गेले, की भिंतीपर्यंत माझे किती हात होतात हे ताज्या दमात आणि थकलेल्या अवस्थेत असे दोन्ही वेळा मोजले, तेव्हा थकल्यावर एक हात वाढतो असे आढळले. शर्यतीत तोच थकलेला आकडा धरायचा. तपासणीसाठी एका सहकाऱ्याने लेनच्या टोकाशी उभे राहून, म्हणजे टर्नचे पंच जिथून पाहतात तिथून, मोबाइलवर चित्रण केले. बोटे भिंतीला लागतात ती चौकट थांबवून दोन्ही खांद्यांना जोडणारी रेषा पाहायची. ती उभी दिसली तर टर्न धोक्याचा. माझी आता स्पष्ट तिरकी दिसते.

बॅकस्ट्रोकच्या शेवटाशी निगडित आणखी एक नियम अलीकडे बदलला. २०२२ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत ५० मीटर बॅकस्ट्रोक जिंकणाऱ्या जस्टिन रेसला, शेवटी तो पूर्णपणे पाण्याखाली गेल्याच्या कारणावरून आधी बाद ठरवले गेले आणि दाद मागितल्यावर त्याचे सुवर्णपदक कायम राहिले. पुढे २०२३ पासून असे ठरले, की डोक्याचा काही भाग शेवटच्या ५ मीटरच्या खुणेपुढे गेल्यावर पूर्ण पाण्याखाली जाण्यास हरकत नाही. पाठीवर राहण्याची अट मात्र तशीच आहे.

भिंत सोडल्यावर ब्रेस्टस्ट्रोकचा पुलआउट येतो. हात मांड्यांपर्यंत नेणारा एकच पूर्ण हात आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी केव्हाही एकच डॉल्फिन किक, एवढीच मुभा. एक किक मुद्दाम मारली जाते, पण हात मांड्यांकडे ओढताना कंबर हलते आणि पाय आणखी एकदा खाली आपटतात; पंचांना ती दुसरी किक दिसते. मी डॉल्फिन किक हात ओढण्याच्या आरंभाशी बांधून घेतली आणि त्यानंतर टाचा जुळवून, पायाची बोटे मागे ताणून घसरत राहण्याचा सराव केला. दुसरी अट डोक्याची: दुसऱ्या हाताच्या वेळी हात सर्वांत रुंद होऊन आत वळण्यापूर्वी डोके पाण्याबाहेर आले पाहिजे. खोल ढकलले गेले की हे हुकते, म्हणून भिंतीवर पाय थोडे वर टेकवतो.

तिसऱ्या भिंतीवर अजून समाधान नाही. सुट्या हातांचा स्पर्श जमतो, पण फ्रीस्टाइलच्या घाईत उजवा खांदा लवकर मागे खेचला जातो आणि डावा हात किंचित आधी टेकतो. पुढच्या टप्प्यात ब्रेस्टस्ट्रोकचे शेवटचे १५ मीटर आणि टर्न एवढेच तुकडे पोहून, त्याच सहकाऱ्याकडून वरून चित्रण करून घेणार आहे.