पायऱ्या काढल्या आणि हॉल्टिंगचं बिल सुटलं

आमच्याकडे ट्रान्सपोर्टरची बिलं करारातल्या दरांशी ताडून बघायचं काम एआय मॉडेल करतं. त्यासाठीचा प्रॉम्प्ट दोन पानी होता: 'तू अनुभवी ऑडिटर आहेस', मग नऊ पायऱ्या, तीन सोडवलेली उदाहरणं आणि शेवटी 'एकेक पायरी विचार कर'. साध्या मॉडेलवर तो बरा चालायचा. रीझनिंग मॉडेल घेतलं तेव्हा साहेबांनी तोच जसाच्या तसा चिकटवायला सांगितला. लांब प्रॉम्प्ट म्हणजे मेहनत, असा आमच्याकडे समज आहे.

मग काही बिलांना कोरं उत्तर येऊ लागलं. सगळे सर्व्हरला नावं ठेवत होते. लॉगमध्ये मात्र `finish_reason: "length"` स्पष्ट दिसत होतं, म्हणजे टोकनची मर्यादा संपल्यानं उत्तर थांबलं होतं. हे मॉडेल उत्तराआधी मनातल्या मनात विचार करतं आणि त्या विचाराचे टोकनही आपण ठरवलेल्या त्याच मर्यादेतून जातात. विचारातच कोटा संपला, तर उत्तराला काही उरत नाही. त्या टोकनचे पैसे मात्र लागतात. मर्यादा वाढवल्यावर कोरी उत्तरं थांबली.

खरी गोम एका हॉल्टिंगच्या, म्हणजे ट्रक थांबवून ठेवल्याबद्दलच्या आकाराच्या, बिलात सापडली. ट्रक शनिवारी दुपारी ४ ला गेटवर आला आणि सोमवारी संध्याकाळी ६ ला रिकामा झाला, म्हणजे ५० तास. करारानुसार रविवार धरायचा नाही, पहिले २४ तास मोफत, आणि त्यावर ६ तासांपर्यंत सूट. रविवार वगळून २६ तास उरतात, मोफतचे गेले की २. म्हणजे देणं शून्य. मॉडेल मात्र एक दिवसाचं हॉल्टिंग मंजूर करत होतं, कारण चौथी पायरी म्हणत होती, 'आधी तासांचे पूर्ण दिवस करा.' ५० तासांचे झाले ३ दिवस. एक मोफत, एक रविवार, उरला एक. सहा तासांची सूट लावायला तासच शिल्लक नव्हते. ही पायरी जुन्या करारासाठी लिहिलेली, आणि मॉडेलनं ती इमानेइतबारे पाळली.

मी पायऱ्या आणि उदाहरणं काढली. करारातले नियम ठेवले, कारण ते मॉडेलला आपोआप कळणार नाहीत:

```
खालील करारानुसार या बिलातलं देय हॉल्टिंग ठरव.
रविवार धरू नये. करारात नसलेला नियम लावू नये.
उत्तर: मोजलेले तास, लागू कलम, देय रक्कम.
```

शून्य आलं, कलमासकट. मॉडेलनं किती विचार करायचा ते ठरवणारा `reasoning_effort` मी `medium` वरच ठेवला. `high` नं वेळ वाढला, उत्तर तेच.

बिल्टीच्या फोटोवरून गाडीचा नंबर वाचायचं काम अजून छोट्या, साध्या मॉडेलकडे आहे. तिथल्या पायऱ्या काढल्या, तर शून्य आणि ओ यांची गल्लत पुन्हा सुरू झाली, म्हणून त्या परत घातल्या. आता दोन प्रॉम्प्ट सांभाळावे लागतात, आणि साहेबांना ते पटत नाही.

अकाउंट्सच्या मॅडमची तक्रार मात्र वेगळी आहे: पूर्वी पायरीवार हिशेब दिसायचा, आता तीनच ओळी येतात. मॉडेलचा आतला विचार आम्हाला दिसत नाही, आणि तास-कलम लिहून घेतलं तरी तो मागाहून लिहिलेला खुलासाच. त्यामुळे मोठ्या रकमेची बिलं मॅडम कॅल्क्युलेटरवर पुन्हा करतात, आणि मी त्यांना अडवत नाही.