तीन हीर, एक कणकेचा गोळा आणि पणजीहून आलेलं "सावली बरोबर वाटत नाही"

चवथीच्या आधीची गोष्ट. म्हापशातल्या एका पितळी भांड्यांच्या दुकानासाठी बारा चित्रं हवी होती: समई, दिवली, तांब्या, निरांजन. फोटोग्राफरचं बजेट नव्हतं, म्हणून एआयने चित्रं बनवायची, मी ती तपासून नीट करायची, पणजीतल्या एका एजन्सीने मंजूर करायची आणि मग दुकानात जायची, असं ठरलं. अकरा चित्रं कशी गेली ते आता आठवतही नाही. बारावं मात्र अजून डोक्यात आहे. बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, लाल कोब्यावर समई, शेजारी तांब्या, त्याच्या पलीकडे पेटलेली अगरबत्ती, मागून डाव्या अंगाने सकाळचं ऊन.

पाठवलं. दोन तासांनी उत्तर आलं: "सावली बरोबर वाटत नाही." कुठली सावली, काय बरोबर नाही, काही नाही. मीही पाहिलं आणि मलाही पटलं, हे आधी कबूल करतो. समईची सावली समोर खाली येत होती, तांब्याची जरा उजवीकडे कलत होती आणि अगरबत्तीची आणखीच उजवीकडे. सूर्य एकच, मग सावल्या पंख्यासारख्या फाकलेल्या कशा? समांतर हव्यात ना! चित्र बाद केलं आणि नवं बनवलं. पुन्हा दोन तास, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या चित्रात सावल्या रूळांसारख्या समांतर आल्या आणि एजन्सीचं उत्तर आलं, "आता बरोबर."

पण ते "बरोबर" मला रात्रभर टोचत राहिलं. आमच्या बाल्कांवर संध्याकाळी खांबांच्या सावल्या मी लहानपणापासून पाहतोय, आणि त्या डोळ्यांना कधी समांतर दिसल्याचं आठवेना.

खात्री करायची तर ऊन हवं, आणि श्रावणात गोव्यात ऊन मागायचं म्हणजे देवाला कामाला लावणं. दोन दिवस सतत पाऊस. टॉर्च लावून बघावं असं मनात आलं होतं, पण टॉर्च जवळ असतो, त्याच्या सावल्या खरोखरच फाकतात, मग त्यातून सूर्याचं काय कळणार? तिसऱ्या दिवशी साडेआठच्या सुमारास वीसेक मिनिटं ऊन पडलं. खराट्याचे सारख्या उंचीचे तीन हीर तोडून ठेवले होते. आईने चपात्यांची कणीक मळलेली होती, तिचे तीन गोळे करून त्यात हीर उभे रोवले आणि एका रांगेत ठेवले. ("खाण्याच्या कणकेत खराट्याचे हीर?" ही ओरड अजून चालू आहे.)

सूर्याकडे तोंड करून फोनवर फोटो काढला. सावल्या माझ्याकडे येताना फाकल्या, हुबेहूब पहिल्या चित्रासारख्या. सूर्याकडे पाठ केली तर त्या दूर जाताना एकमेकींजवळ येत गेल्या. मग सूर्य बरोबर बाजूला घेऊन काढला, तेव्हा कुठे त्या जवळपास समांतर दिसल्या. जमिनीवर सावल्या तिन्ही वेळा समांतरच होत्या. फोटोत लांब जाणारे रूळ जसे एका ठिकाणी मिळतात, तशाच याही मिळत होत्या. म्हणजे "सावल्या समांतर आहेत का" हा प्रश्नच चुकीचा. मी चांगलं चित्र फेकून दिलं होतं.

बरोबर प्रश्न असा: वस्तूचं टोक आणि त्याच टोकाची सावली यांना जोडणारी रेघ सरळ वाढवली, तर ती चित्रातल्या प्रकाशाच्या जागेवरून जाते का? प्रकाश एकच असेल तर अशा सगळ्या रेघा एकाच बिंदूत मिळायला हव्यात. सूर्य समोर असेल तर तो बिंदू म्हणजे सूर्यच, चौकटीच्या बाहेर असला तरी. सूर्य पाठीमागे असेल तर रेघा खाली मिळतात, तुमच्या हातातल्या कॅमेऱ्याची सावली जिथे पडेल तिथे. माझ्या पाठमोऱ्या फोटोत त्या बरोबर माझ्या डोक्याच्या सावलीत, फोन धरला होता तिथे जाऊन मिळाल्या. हे पाहून आईलाही हाक मारली होती, पण ती कणकेवरून अजून रागावलेली होती.

मग तिन्ही चित्रं उघडली. प्रत्येकाचा कॅनव्हास चारही बाजूंनी चित्राइतकाच वाढवला, कारण बिंदू बहुतेक वेळा चौकटीबाहेर पडतो. वर एक रिकामा लेअर घेऊन लाल रेघा ओढल्या. समईच्या शिखराचं टोक ते त्याच्या सावलीचं टोक. अगरबत्तीचं टोक ते तिच्या सावलीचं टोक. अगरबत्ती यासाठी सोन्यासारखी, बारीक असल्यामुळे टोकाबद्दल वाद उरत नाही. तांब्याने मात्र अडवलं. गोल काठ, सावलीची कडा मऊ, नेमका कुठला बिंदू कुठल्या बिंदूचा? अशा वेळी एक रेघ ओढून स्वतःला फसवू नये. सावलीवरचा एक बिंदू घ्यायचा आणि तो तांब्याच्या काठाच्या ज्या भागातून आला असेल त्या भागाच्या दोन टोकांना दोन रेघा ओढायच्या. मधली पाचर ही प्रकाशाची शक्य जागा. २०१३ मध्ये एरिक की, जेम्स ओ'ब्रायन आणि हॅनी फरीद यांनी फोटोतली बनवाबनवी पकडण्यासाठी हीच पाचरीची पद्धत मांडली. सगळ्या पाचरींना आणि रेघांना सामाईक अशी एकही जागा उरली नाही तर चित्रात नक्की गडबड आहे. सामाईक जागा सापडली म्हणून चित्र खरं ठरत नाही, एवढंच कळतं की सावल्यांवरून चूक पकडता आली नाही.

पहिल्या, म्हणजे फेकलेल्या चित्रात दोन्ही रेघा वरच्या डाव्या कडेच्या थोडं बाहेर मिळाल्या, आणि तांब्याची पाचर त्या जागेला झाकत होती. मग वस्तूंच्या बुंध्यापासून सावलीच्या दिशेने जमिनीवर रेघा ओढून मागे वाढवल्या. त्या क्षितिजावर, त्या बिंदूच्या बरोबर खाली मिळाल्या. सावल्यांत चूक सापडली नाही. "आता बरोबर" मिळालेल्या तिसऱ्या चित्रात जमिनीवरच्या सावल्या समांतर, म्हणजे टोकांच्या रेघाही जवळपास समांतर असायला हव्या होत्या. पण समई आणि अगरबत्तीच्या रेघा डावीकडे एकमेकींना छेदत होत्या आणि तांब्याची पाचर त्या छेदाच्या आसपासही नव्हती. तांब्याची सावली त्याच्या उंचीच्या मानाने भलतीच लांब होती, जणू त्याच्यापुरता सूर्य उगवून नुकताच झाडावर आलेला. हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही. मला दिसलं नाही, एजन्सीतल्या बाईंना दिसलं नाही.

दोन गोष्टी इथेच सांगतो, नाहीतर विसरेन. एका वस्तूला दोन सावल्या दिसल्या म्हणून लगेच चूक समजू नका, खोलीत दोन दिवे असतात. मात्र मग प्रत्येक वस्तूला दोन हव्यात. आणि ढगाळ उजेडात किंवा मोठ्या खिडकीजवळ सावलीला टोकच नसतं, तिथे ही पद्धत सोडून द्या. फक्त वस्तू टेकते तिथे काळसर पट्टा आहे का बघा, नसला तर ती तरंगते.

समईच्या बाबतीत कोनाचीही एक सोपी तपासणी आहे, दुसरं चित्र तिनेच मारलं. वरच्या वाटीतलं तेल दिसतंय म्हणजे डोळा वाटीच्या वर आहे. मग त्याहून खाली असलेली बैठक आणखी गोल दिसली पाहिजे. पाटावर बसून समोर ताट बघा आणि मग उभं राहून बघा. मी मोजलं: वाटी ४०० पिक्सेल रुंद, १२० उंच, म्हणजे उंची रुंदीच्या तीन दशांश. बैठक ५२० रुंद आणि उंच फक्त ६०, नवव्या हिश्श्याच्या आसपास. बैठकीची उंची दीडशेच्या वर हवी होती. वाटी वरून पाहिलेली आणि बैठक जमिनीवर गाल टेकून पाहिलेली, अशी ती समई होती.

तर पहिलं चित्र, त्यावरच्या लाल रेघा आणि हिरांचा फोटो असं सगळं एजन्सीला पाठवलं. या वेळी उत्तर दहा मिनिटांत: "ओके, हे चालेल." तीन दिवसांनंतरचं ते "चालेल" वाचून मी एकटाच हसलो. मग छपाईसाठी चित्र चौपट मोठं केलं आणि छातीठोकपणे थेट दुकानात गेलो.

दुकानातल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाजवळ नेला. "ही आमची न्हय."

"काका, सावली तपासलीय."

"सावलीचं नाही रे. आमची समई पाच चोचींची. मोज."

मोजल्या. सहा. घरी येऊन मूळ चित्र उघडलं, त्यात पाचच होत्या. मोठं करणाऱ्या प्रोग्रामने दोन चोचींमधली पितळेची चमक चोच समजून तिला धार काढून दिली होती. मी मंजुरीच्या आधी मोजलं होतं, मोठं केल्यावर नाही. काकांनी मोजायची पद्धतही दाखवली, ती त्यांच्या हाताला ठाऊक होती, आकड्यात मी नंतर बसवली: पाच चोची सारख्या अंतरावर म्हणजे दोघींमध्ये ७२ अंश, त्यामुळे वाटीच्या समोरच्या अर्ध्या भागात जास्तीत जास्त तीनच बसतात. समोर चार दिसल्या की मागच्या मोजायचीही गरज नाही. मोठ्या चित्रात समोर चार होत्या.

मूळ चित्रातली वाटी साध्या पद्धतीने मोठी करून त्या जागी बसवली. कड जराशी मऊ राहिली. काकांना पाठवलं, तर त्यांनी उत्तरादाखल दुकानातल्या खऱ्या समईचा, वरून काढलेला, थोडा हललेला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आता जुळते." तो फोटो मी कामाच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवलाय. पुढचं काम त्यांच्याकडूनच आलं, साखळीच्या दिवल्यांचं. या वेळी एकही चित्र बनवण्याआधी साखळीच्या कड्या मोजून घेतल्या आहेत.